'घाटी': आपल्या तोंडी आणि परक्याच्या तोंडी

सह्याद्रीचे घाट उतरून सातारा, सांगली, कोल्हापूरकडून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला आलेला माणूस तो 'घाटी'. मुळात हा निव्वळ पत्ता होता. पुढे मुंबईत त्याला 'अडाणी, गावंढळ' हा अर्थ चिकटला आणि शब्द सरसकट मराठी माणसावर फेकला जाऊ लागला.

लालबागच्या खोलीत साताऱ्याचा गडी पिझ्झ्यासोबत ठेचा मागतो आणि मित्र म्हणतो, "शेवटी आपण घाटीच!" इथे 'आपण' आहे, म्हणजे बोलणारा स्वतःही टोमण्याखाली येतो. शिवाय तो 'गावंढळ' हा अर्थ मांडत नाही, तो अर्थ लावणाऱ्यांची नक्कल करून त्यांनाच हसतो.

तेच ऑफिसात अमराठी सहकारी म्हणाला, "तुम घाटी लोग ना..." तर नक्कल उरत नाही. 'तुम' आणि 'लोग' मिळून एका माणसाच्या सवयीवरून अख्ख्या जमातीवर शिक्का बसतो. बोलणाऱ्याला त्याची झळ नाही. त्याचा हेतू चांगला असला तरी ऐकणाऱ्याला तो दिसत नाही, जुनी हेटाळणी मात्र आठवते.

गंमत म्हणजे भाषा एक असून भागत नाही. कोकणातला माणूस मराठीच, पण घाटावरच्याला त्याने 'घाटी' म्हटलं की कपाळावर आठी येते. तिथे तो बाहेरचा. आणि आतल्यांतही साहेबाने शिपायाला म्हटलं तर विनोद फसतो, कारण शिपाई उलट तसंच बोलू शकत नाही.