टीडीएस पेन, पीएच पेन आणि हार्डनेसचे थेंब: सॉफ्टनरच्या भांडणानंतर लिहिलेला अनुभव

गिझरची कॉइल वर्षाच्या आत दुसऱ्यांदा गेली, तेव्हा आलेल्या मेकॅनिकने ती बाहेर काढून दाखवली. तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरा, खडबडीत थर होता. सोसायटीत लाखो रुपये घालून पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवलेला असताना हा थर आला कुठून, हे विचारायला मी ऑफिसात गेले. ऑपरेटरने रजिस्टर पुढे केलं. रोज सकाळी टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, एक आकडा लिहिलेला, आणि तो बहुतेक दिवस 630 ते 640 च्या मध्येच. "मॅडम, मीटर नॉर्मल आहे," तो म्हणाला. सॉफ्टनरची देखभाल करणाऱ्या कंपनीचा माणूसही फोनवर तेच म्हणाला. हा सगळा रिव्ह्यू त्या एका आकड्यावर आहे.

पुण्याजवळच्या वाघोलीच्या बाजूला आमच्यासारख्या बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकर यांच्या मिश्रणावर चालतात, त्यामुळे टीडीएस पेन घरोघरी आहे. ते कसं वापरायचं ते मी सांगत बसत नाही. माझ्याकडे पावसाळ्यापासून तीन वस्तू आहेत: टीडीएस पेन, पीएच पेन आणि हार्डनेस, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, मोजायचं थेंबांचं किट. सुरुवातीला माझं मत होतं की पीएच पेन सर्वांत कामाचं ठरेल आणि थेंबांचं किट कपाटात पडून राहील. झालं बरोबर उलट.

आधी टीडीएस पेनबद्दलची माझी मुख्य तक्रार, आणि ती मी लांबवणार आहे. हे पेन विरघळलेले क्षार मोजत नाही. ते पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्याला एका ठरावीक अंकाने गुणून टीडीएस म्हणून दाखवतं. स्वस्त पेनात हा अंक बहुतेक वेळा 0.5 असतो, कारण ती साध्या मिठाच्या द्रावणावर बेतलेली असतात. आमच्या दख्खनच्या बेसॉल्टमधलं बोअरचं पाणी मात्र मिठाचं नाही, त्यात मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असतात. असल्या पाण्यासाठी गुणक साधारण 0.6 च्या वर लागतो. आमच्या कच्च्या पाण्याची वाहकता 1280 मायक्रोसिमेन्स. पेन त्याच्या निम्मे म्हणजे 640 दाखवतं. त्याच बाटलीतलं पाणी लॅबला दिलं, तर त्यांनी ते गाळून, आटवून, 180 अंशांवर सुकवून उरलेला क्षार तोलला आणि उत्तर आलं 810. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. पण पेनच्या खोक्यावर, माहितीपत्रकावर, कुठेही गुणक छापलेला नाही, आणि याचा मला मनापासून राग आहे. एक ओळ छापायला काय खर्च येतो?

तुम्ही म्हणाल, 640 काय आणि 810 काय, पाचशेच्या मर्यादेच्या वरच आहे. खरं आहे. पण टँकरचं गोडं पाणी जास्त मिसळलं की पेन 430 दाखवतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर लगेच "पाचशेच्या आत आहे" असा निरोप फिरतो. 430 म्हणजे वाहकता 860, आणि आमच्या लॅबच्या हिशेबाने निघणारा 0.63 हा गुणक लावला तर खरे क्षार 540 च्या आसपास. आरओ घ्यायचं की नाही हे लोक याच पाचशेच्या रेषेवर ठरवतात. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पाचशेपेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ नको असं म्हटलं, तेव्हापासून तर जास्तच. रेषेच्या आसपासच्या पाण्याचा निवाडा पेनवर करू नका, एकदा लॅबचा आकडा घ्या आणि आपल्या पाण्याचा गुणक काढून पेनवर चिकटवून ठेवा. मी चिकटपट्टीवर 1.27 लिहून लावलंय, म्हणजे पेनचा आकडा गुणिले 1.27. पाण्याचा स्रोत बदलला की हा गुणकही बदलतो, तेवढं लक्षात ठेवा.

आता त्या मर्यादांचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500:2012 मध्ये, दोन रकाने आहेत आणि लॅबच्या रिपोर्टवर दोन्ही छापलेले असतात. पहिला स्वीकार्य मर्यादेचा, दुसरा पाण्याचा दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायच्या मर्यादेचा. लिटरमागे मिलिग्रॅममध्ये टीडीएस 500 आणि 2000, एकूण हार्डनेस 200 आणि 600. पीएचला मात्र 6.5 ते 8.5 एवढी एकच पट्टी, त्यात सूट नाही. आमचा हार्डनेस 420, म्हणजे दोन रकान्यांच्या मध्ये. रिपोर्ट ग्रुपवर टाकल्यावर अर्ध्यांनी "फेल" म्हटलं आणि अर्ध्यांनी "पास". जागतिक आरोग्य संघटनेने तर टीडीएस, हार्डनेस आणि पीएच या तिन्हींसाठी आरोग्यावर आधारलेली मर्यादा ठरवलेलीच नाही. त्यांच्या मते टीडीएस 600 च्या आत असेल तर चव चांगली लागते आणि 1000 च्या वर पाणी नकोसं होत जातं. हार्डनेस दोनशेच्या वर गेला की भांड्यांत, पाइपांत थर धरू लागतो. म्हणजे आमच्या 420 चा प्रश्न पोटापेक्षा गिझरचा आहे, आणि गिझरचा प्रश्न टीडीएस पेनला दिसतच नाही.

का दिसत नाही, ते सॉफ्टनर समजला की कळतं. सॉफ्टनर क्षार काढत नाही, बदलतो. रेझिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडतं. पाण्यातल्या एकूण क्षारांत जवळपास फरक पडत नाही. सॉफ्टनर उत्तम चालू असेल तरी पेन 630, पूर्ण बंद पडला तरी 640. रजिस्टरमध्ये वर्षभर "नॉर्मल" दिसत होतं ते यामुळे. कुणी खोटं लिहिलं नव्हतं, मोजायची गोष्टच वेगळी होती.

थेंबांच्या किटची किंमत इथे वसूल झाली. दहा मिली पाणी, त्यात पीएच स्थिर ठेवणाऱ्या बफरचे काही थेंब, मग चिमूटभर रंग दाखवणारा इंडिकेटर. हार्डनेस असेल तर पाणी लालसर जांभळं होतं. मग कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणाऱ्या ईडीटीएचा एकेक थेंब टाकत हलवत राहायचं. शेवटच्या दोन-तीन थेंबांत लाल छटा मरत जाते आणि एका थेंबावर पाणी स्वच्छ निळं होतं. तिथे थांबायचं. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरमागे 20 मिलिग्रॅम हार्डनेस. हे ट्यूबलाइटखाली करू नका. खिडकीपाशी, खाली पांढरा कागद ठेवून करा, नाहीतर जांभळा आणि निळा यांत दोन थेंबांची चूक सहज होते.

कच्चं पाणी 21 थेंब, म्हणजे 420. सॉफ्टनरच्या बाहेरचं 17 थेंब, म्हणजे 340. असल्या सॉफ्टनरच्या बाहेर दोन-तीन थेंबांपेक्षा जास्त लागायला नकोत.

कंपनीचा माणूस आला आणि त्याने रेझिन संपलंय, पूर्ण बदला, असं कोटेशन दिलं. आकडा मी इथे लिहीत नाही, पण तो ऐकून खजिनदार काका खुर्चीतून उठले. मी म्हटलं, आधी रिजनरेशन करा, म्हणजे रेझिन मिठाच्या पाण्याने धुवा, आणि ते संपल्या संपल्या मला पाणी द्या. रेझिन थकलेलं असेल, तर मिठाच्या पाण्याने धुतल्यावर निदान सुरुवातीला हार्डनेस खाली येईल आणि मग ठरल्यापेक्षा लवकर चढेल. पण रिजनरेशननंतर लगेच काढलेल्या पाण्यालाही 16 थेंब लागले. याचा अर्थ मीठ रेझिनपर्यंत पोचतच नव्हतं. ऑपरेटरला मिठाच्या टाकीची पातळी रिजनरेशनच्या आधी आणि नंतर खडूने खूण करायला लावली. पातळी हलली नव्हती. मिठाचं पाणी ओढणारा इंजेक्टर उघडला, तर भोकात माती आणि गाळ ठासून भरलेला. स्वस्त, मातकट मीठ घेतल्याचा परिणाम. तो साफ केला, टाकी धुतली, दोनदा रिजनरेशन केलं आणि बाहेरच्या पाण्याला दोन थेंब लागले. तेव्हाही टीडीएस पेनवर 630 च होतं. कोटेशन परत गेलं.

एक गोष्ट आवर्जून सांगते. हे मऊ झालेलं पाणी प्यायला वापरू नका. हार्डनेसचा एक मिलिग्रॅम गेला की साधारण 0.46 मिलिग्रॅम सोडियम येतं. आमच्याकडे 380 कमी झाला, म्हणजे लिटरमागे जवळपास 175 मिलिग्रॅम सोडियमची भर, मूळ पाण्यातलं वेगळं. दोनशेच्या आसपास खारट चव जाणवू लागते, आणि ज्यांना ब्लड प्रेशरसाठी मीठ कमी करायला सांगितलंय त्यांनी तर स्वयंपाकघराची लाइन सॉफ्टनरच्या आधीच घ्यावी. आमच्या इमारतीत ती तशी नव्हती. आता काम चालू आहे.

पीएच पेनबद्दल थोडक्यात. मी ते आता क्वचितच काढते. बोअरचं पाणी नळाखाली मोजलं तर 7.2, तेच उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून मोजलं तर 7.9, कारण जमिनीखाली विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. म्हणून लॅबला बाटली द्यायची ती काठोकाठ भरून, हवा न ठेवता. आरओच्या पाण्यात पेन कितीतरी वेळ भरकटत राहतं आणि 6.2 वगैरेवर येतं. त्या पाण्यात आकडा स्थिर धरायला बायकार्बोनेटच फारसे नसतात. तो 6.2 दाखवून अल्कलाइन कार्ट्रिज विकणारे आमच्याकडेही येऊन गेले. त्याशिवाय 6.86 च्या बफरने वारंवार जुळवायचं, काचेचं टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओलं ठेवायचं, डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, एवढी देखभाल या पेनला लागते. आयएसच्या पट्टीत आपण बसतो का, एवढंच पाहायचं असेल तर वर्षातून दोनदा लॅब स्वस्त पडते. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत फी भरून पाणी तपासून मिळतं.

थेंबांच्या किटवरही माझी एक तक्रार आहे आणि ती अलीकडची. बफरमध्ये अमोनिया असतो. झाकण नीट बसत नसेल तर तो उडतो, आणि मग रंग लाल ते निळा असा न पलटता मधेच मळकट राहतो. थेंब मोजायचे कुठे थांबवायचे तेच कळत नाही. बाटली उघडल्यावर नाकात झणका आला नाही तर ती टाकून द्या. माझी बाटली हिवाळ्यातच गेली. नुसता बफर विकत मिळेल म्हणून विचारलं, तर विक्रेता म्हणतो पूर्ण किट घ्या. ईडीटीए अजून अर्धा शिल्लक असताना मी पूर्ण किटचे पैसे देणार नाही. सध्या ओळखीच्या लॅबमधून बफरची छोटी बाटली आणलीय, आणि रजिस्टरमध्ये टीडीएसच्या शेजारी "थेंब" असा नवा रकाना आखून दिलाय.