मदरबोर्डवरचं रेड-१ मिरर आणि खरा बॅकअप, दोन्ही एकत्र वापरून आलेला अनुभव

मी बडोद्यात दांडिया बाजारजवळ लग्नाच्या अल्बमचं डिझाइनिंग करतो, म्हणजे फोटोग्राफर रॉ फोटो देतात आणि मी पीएसडी शीट बनवून प्रिंटिंगला पाठवतो. डेस्कटॉपमध्ये विंडोज वेगळ्या एनव्हीएमई एसएसडीवर, आणि कामाचा सगळा डेटा दोन ४ टीबी हार्डडिस्कवर, त्या दोन्ही बायोसमधून रेड-१ करून मिरर केलेल्या होत्या, म्हणजे तोच डेटा दोन्हीवर. शिवाय यूएसबीची एक वेगळी हार्डडिस्क, तिच्यावर आठवड्यातून दोनदा रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामने बॅकअप. इथले बरेच स्टुडिओवाले विचारतात की दोन डिस्क लावल्यात ना, मग तिसरी कशाला. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मिररचं जे चांगलं आहे ते सांगतो. लावल्यावर पहिल्यांदा मी पीसी बंद करून एका डिस्कची साटा केबल काढून बघितली. चालू केल्यावर स्टेटस डिग्रेडेड आलं, पण फाइली सगळ्या उघडत होत्या आणि काम चालू राहिलं. केबल परत लावली, रिबिल्ड सुरू झालं, ते रात्रभर चाललं. ४ टीबी डिस्क दीडशे एमबी पर सेकंदने सलग लिहिली तरी सात तासांच्या वर लागतात आणि मध्ये तुम्ही काम केलंत तर अजून लांबतं. तर एक डिस्क मेली तरी ऐन सीझनमध्ये काम थांबत नाही, एवढं मिरर नक्की देतं आणि हे काही कमी नाही.

आता दुसरी बाजू. तुळशीच्या लग्नानंतर गर्दी असते तेव्हा माझा भाचा मदतीला येतो. त्याच्याकडून एका अल्बमची बारावी शीट सगळे लेयर फ्लॅटन होऊन त्याच नावाने सेव्ह झाली. नवरीकडच्यांना नेमकं त्याच शीटवर नाव बदलून हवं होतं. मिररमध्ये दोन्ही डिस्कवर फ्लॅट फाइलच होती, कारण मिररचं कामच ते आहे, जे लिहाल ते त्याच क्षणी दोन्हीकडे. यूएसबी डिस्कवरून मात्र शोधता आलं:

```
restic -r E:\bkp find Sheet12.psd
```

ही फाइल कुठल्या कुठल्या स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे कुठल्या वेळच्या बॅकअपमध्ये आहे ते हे दाखवतं. शेवटच्या स्नॅपशॉटमध्ये फ्लॅट झालेलीच गेलेली होती, त्याच्या आधीच्यात लेयरवाली मिळाली. इथे एक लक्षात घ्या, बरेच जण `robocopy /MIR` टाकून बॅकअप झाला म्हणतात, पण तोसुद्धा मिररच आहे, फक्त उशिराने होणारा. मूळ जागी फाइल डिलीट झाली की पुढच्या रनला तिथूनही जाते, आणि मूळ फाइल बिघडली तर चांगलीवर बिघडलेली जाऊन बसते. जुनी व्हर्जन राहत असेल तरच मी त्याला बॅकअप म्हणतो.

पण हे बहुतेकांना माहीत असतं. मला खरं सांगायचंय ते बोर्डच्या रेडबद्दल, कारण ते फार कमी लोक बोलतात. दिवाळीत आम्ही गावी गेलो होतो, मेन स्विच बंद, आणि तेवढ्यात बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला. परत आल्यावर स्क्रीनवर बायोस डिफॉल्टवर गेल्याचा मेसेज, एफ१ दाबलं, विंडोज नेहमीसारखं चालू, डी ड्राइव्ह जागेवर, कामाला लागलो. कुठे काही एरर नाही, काही नाही. घड्याळही इंटरनेटवरून आपोआप बरोबर झालं. आणि बायोसमध्ये साटा मोड मात्र रेडवरून एएचसीआयवर, म्हणजे प्रत्येक डिस्क सुटी चालवणाऱ्या साध्या मोडवर गेलेला.

अशा वेळी आतमध्ये काय होतं ते बघा. इंटेलच्या बोर्ड-रेडमध्ये मिररची माहिती प्रत्येक डिस्कच्या अगदी शेवटच्या भागात लिहिलेली असते, पार्टिशन आणि फाइली सुरुवातीपासून साध्या डिस्कसारख्याच. त्यामुळे रेड बंद झालं तरी प्रत्येक डिस्क एकटी वाचता येते, बोर्ड मेलं तर हा फायदाच आहे. पण विंडोजला आता एकाच आयडीच्या दोन डिस्क दिसतात, मग ते एक चालू ठेवतं आणि दुसरी ऑफलाइन करतं. म्हणजे माझं पुढचं सगळं काम एकाच डिस्कवर जात होतं आणि दुसरी दिवाळीच्या आधीच्या तारखेला गोठलेली. मला कळलं ते पॉवरशेलमध्ये `Get-Disk` टाकल्यावर:

```
Number  OperationalStatus  Total Size
1       Online             3.64 TB
2       Offline            3.64 TB
```

मिरर चालू असेल तर इथे दोनाऐवजी एकच ४ टीबी डिस्क दिसायला हवी.

यापुढची पायरी सगळ्यात धोक्याची. कुणालाही वाटेल की बायोसमध्ये जाऊन परत रेड करू, झालं. तसं करू नका. दोन्ही डिस्कच्या शेवटच्या भागात अजूनही मिरर नॉर्मल आहे असंच लिहिलेलं असतं, मधल्या काळात काही झालं हे रेडला कळायला मार्गच नाही, कारण ते त्या वेळी चालूच नव्हतं. त्यामुळे रिबिल्ड होत नाही, स्टेटस हिरवंच, आणि वाचताना कधी या डिस्कवरून तर कधी त्या डिस्कवरून डेटा येतो, म्हणजे थोडा नवा थोडा जुना. फोल्डरची यादी नवी आणि आतली फाइल जुनी, असं. वर चेकडिस्कने रिपेअर केलं की होतं नव्हतं तेही जातं. रेडचं व्हेरिफाय चालवलं तर फरक आहे एवढं सांगेल, पण बरोबर कोण हे त्याला सांगता येत नाही, त्याच्याकडे चेकसम नसतो, दोन कॉपी सारख्या आहेत का इतकंच ते बघतं. आणि व्हेरिफायमध्ये रिपेअर चालू असेल तर एक बाजू दुसऱ्यावर छापून मोकळं, ती जुनी बाजू निघाली तर दिवाळीनंतरचं काम संपलं.

मी एएचसीआयमध्येच राहून चालू डिस्कचा आधी पूर्ण बॅकअप घेतला, बॅकअप तपासला, मग पीसी बंद करून गोठलेली डिस्क बाहेर काढली. ज्यांना मिरर परत हवंच आहे त्यांनी जुनं मिरर डिलीट करून नवीन बनवावं, डिलीट करताना डिस्कवरचा डेटा जाऊ शकतो म्हणून तो बॅकअपवरून परत टाकावा, आणि हे सगळं बॅकअप हातात असतानाच. बायोस अपडेट केल्यावरही सेटिंग असंच डिफॉल्टला जाऊ शकतं, म्हणून अपडेटनंतर काम सुरू करण्याआधी `Get-Disk` बघायचं.

मी मात्र मिरर परत लावलं नाही. माझ्या कामात डिस्क गेली आणि एक दिवस थांबावं लागलं तरी चालतं, पण गेल्या आठवड्याची शीट मिळाली नाही तर क्लायंट जातो. बाहेर काढलेली डिस्क पूर्ण फॉरमॅट करून केसिंगमध्ये टाकली आणि ती दुसरा बॅकअप झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्तीत शिरलं तेव्हा किती जणांचे तळमजल्यावरचे पीसी पाण्यात गेले ते आपण सगळ्यांनी बघितलंय, एकाच कॅबिनेटमधल्या दोन डिस्क तिथे काय करणार. म्हणून एक डिस्क कायम मोठ्या बहिणीकडे तिसऱ्या मजल्यावर असते, दर रविवारी अदलाबदल करतो, आणि कॉपी झाली की केबल काढून ठेवतो, लावलेली राहिली तर व्हायरस तीही एन्क्रिप्ट करेल.

डेटा साधारण दीड टीबी, पहिला बॅकअप रात्रभर चालला, आता फक्त बदललेलं जातं त्यामुळे चहा होईपर्यंत आटपतं. महिन्यातून एकदा हे चालवतो:

```
restic -r E:\bkp check --read-data-subset=5%
```

यात बॅकअपमधला ५ टक्के डेटा खरोखर वाचून चेकसमशी ताडून बघितला जातो, जे मिररने कधीच केलं नसतं. सोबत एखादा जुना अल्बम दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून फोटोशॉपमध्ये उघडून बघतो. रेस्टिकचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून बहिणीकडे ठेवलाय, तो हरवला तर दोन्ही डिस्क हातात असूनही एक फोटो निघणार नाही.