उंची बदलणारं टेबल, आठ महिने वापरल्यावर: पोटऱ्यांना काम मिळालं, नितंबांना नाही

ऐरोलीतल्या एका ऑफिसात बटणावर वर-खाली होणारी बारा टेबलं आठ महिने रोज वापरात आहेत. किमान उंची ७१ सेंमी, कमाल ११८. मोटरची कुरकुर नाही, उंची लक्षात ठेवणारी बटणंही चोख चालतात. फक्त एक अपेक्षा चुकीची निघाली. बसून बसून सुस्तावलेले नितंब उभं राहिलं की कामाला लागतील, असं घेताना सगळ्यांनी धरलं होतं. तसं होत नाही.

हे हातानंच तपासता येतं. टेबलापाशी नेहमीसारखं उभं राहा आणि चार बोटं नितंबात दाबा. मऊ लागेल. आता तीच बोटं पोटरीच्या खालच्या भागावर ठेवा, तिथं हलका ताण जाणवेल. उभ्या शरीराचा भार घोट्याच्या थोडा पुढे पडतो, म्हणून पुढे कलंडू नये यासाठी पोटरीतला खोलवरचा स्नायू सतत थोडं थोडं काम करत राहतो. खुब्याची गोष्ट वेगळी. तिथं सांध्याच्या पुढचा जाड अस्थिबंधच भार पेलतो, त्यामुळे नितंबाच्या मोठ्या स्नायूला करायला फारसं काही उरत नाही. पाठ टेकून बसल्यावर पोटरीही सुटते. थोडक्यात, बसणं आणि स्वस्थ उभं राहणं यांतला मोठा फरक गुडघ्याच्या खाली आहे.

आता हात नितंबावरच ठेवून, खुर्चीच्या दांड्यांना न धरता, तीन सेकंद घेत सावकाश खुर्चीवरून उठा. बूड सुटतं त्या क्षणी स्नायू टणक होतो. या टेबलाची खरी कमाई म्हणजे हे उठणं, नुसतं उभं राहणं नव्हे.

लांबलचक बसण्यात खुबा साधारण काटकोनात राहतो. मांडी वर उचलणारे जांघेतले स्नायू आखूड अवस्थेत असतात, नितंबाचे ताणलेले पण रिकामे. महिनोन्‌महिने हेच चाललं की अनेकांची मांडी मागे जाण्याची हद्द घटते. मग चालताना पाऊल मागे पडायच्या वेळी खुब्याऐवजी कंबर वाकते आणि नितंबाच्या वाट्याचं काम कमरेवर येतं. ‘नितंब विसरले’ असं सर्रास म्हणतात, ते आम्हाला पटत नाही. नस शाबूत असते, हुकूमही पोचतो. स्नायूला जोर लावायची वेळच येत नाही, एवढंच.

एक उदाहरण. लेखा विभागातल्या एक बाई, उंची १५८ सेंमी. टेबल आल्यावर त्या सलग दीड तास उभ्या राहू लागल्या आणि तिसऱ्या आठवड्यात कंबर धरली. पाहिलं तर सगळा भार उजव्या पायावर, खुबा बाहेर काढलेला, पोट पुढे. त्यांना टेबलाच्या कडेशी उताणं झोपवून डावा गुडघा छातीशी धरायला लावला. उजवी मांडी खाली टेकेना. गुडघा सरळ केल्यावर मात्र ती टेकली, म्हणजे आखडलेला होता तो मांडीच्या पुढचा, खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडणारा स्नायू. मांडी तरीही वरच राहिली असती, तर संशय खोलवरच्या जांघेच्या स्नायूवर गेला असता.

बदल साधे होते. पंचवीस मिनिटं बसणं, दहा मिनिटं उभं राहणं. दर बदलाला हात न टेकता पाच वेळा सावकाश ऊठबस, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे ओढून. संध्याकाळी एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे, माकडहाड आत घेऊन तीस सेकंद, दोन्ही बाजूंना दोनदा. कंबर मागे वाकवली तर ताण मांडीत न येता मणक्यात जातो. बहुतेकांची चूक इथेच होते. स्टेशनच्या पुलावर जिना चढताना पूर्ण टाच पायरीवर ठेवायची आणि धड जरा पुढे घ्यायचं. नुसत्या चवड्यावर चढलं की भार पोटरीकडे वळतो. सहा आठवड्यांनी मांडी टेकू लागली. कंबर मात्र त्याआधीच, उभं राहण्याची वेळ कमी केल्याबरोबर, शांत झाली होती.

खरा दोष ७१ सेंमीचा. बसलेलं असताना या बाईंचं कोपर जमिनीपासून जेमतेम ६३ सेंमीवर येतं. खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, खुर्चीची कड मांडीत रुतते, मग माणूस कडेवर सरकून बसतो आणि पाठीचा टेकू सुटतो. आठ सेंमीचा पायपाट लागतोच, आणि उठण्याआधी पाय त्यावरून खाली घेऊन मागे ओढावे लागतात, नाहीतर उठताना सगळा जोर हातांवर येतो. बुटक्या माणसांसाठी ६२-६३ सेंमीपर्यंत उतरणारं टेबल मिळत असेल तर तेच घ्या.

उभ्याची उंचीही पायात काय आहे ते पाहून साठवा. ऑफिसातल्या बुटात बरोबर असलेलं टेबल अनवाणी पायांना दोन-तीन सेंमी उंच होतं, आणि दुपारपर्यंत खांदे कानांकडे चढलेले दिसतात.