साडीच्या दुकानातला इन्सेन्टिव्ह: ज्याच्या त्याच्या विक्रीवर, पीसमागे, की सगळ्यांत वाटून?

पाच-सहा जणांचा स्टाफ असलेलं साडी-ड्रेस मटेरियलचं दुकान आहे आणि पगाराच्या वर काहीतरी द्यायचंय, पण गिऱ्हाईकाच्या गळ्यात माल मारायचा नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. मी तिन्ही पद्धती वापरून बघितल्यात. तुलना नीट व्हावी म्हणून गिऱ्हाईक एकच धरू. नणंदेच्या डोहाळजेवणाला साडी घ्यायला एक ताई आल्यात, बजेट पंधराशे.

पहिली पद्धत सगळ्यांना माहितीये, ज्याने विकलं त्याच्या कोडवर बिल आणि त्याला एक टक्का. पंधराशेची साडी विकली तर 15 रुपये, तीन हजारची विकली तर 30. त्यामुळे ताई बसल्या बसल्या पहिला गठ्ठा अडीच-तीन हजारचाच उघडला जातो, "बघायला काय पैसे पडतात का ताई" म्हणत. इथे सेल्समन वाईट माणूस नसतो हो, आपणच त्याला तसं करायचे पैसे देत असतो. वर बिलावर कोणाचा कोड टाकायचा यावरून भांडणं, आणि नुसता फॉल किंवा परकर घ्यायला आलेल्या बाईकडे कोणी वळूनही बघत नाही कारण तिथे कमिशन पन्नास पैशे. खरं तर तीच बाई दर महिन्याला येणारी असते.

यातली मोठी गोम मला खूप उशिरा कळली. आपल्याकडे बहुतेक दुकानांत पैसे परत देत नाहीत, बदलून देतात. म्हणजे गळ्यात मारलेली तीन हजारची साडी ताई चार दिवसांनी घेऊन आल्या तरी त्या बदल्यात तेवढ्याचंच काहीतरी घेऊन जातात, आणि कॉम्प्युटरवर विक्री जशीच्या तशी दिसते. सेल्समनचा आकडा चांगला, दुकानाचा आकडा चांगला, फक्त ताई परत येत नाहीत. त्यामुळे "आम्ही रिटर्न वजा करूनच कमिशन देतो" असं म्हणणाऱ्याला आग्रहाची विक्री दिसतच नाही. ती दिसते बदलीच्या बिलांची संख्या मोजली तर, तीसुद्धा कारणासकट. ड्रेसचं माप चुकलं ही वेगळी गोष्ट, साडीत डाग निघाला ही वेगळी, आणि "घरी गेल्यावर वाटलं एवढी महाग नको होती" ही वेगळी, आपल्याला मोजायचीये ती ही तिसरी. दुसरी खूण म्हणजे सरासरी बिल वाढतंय पण बिलांची संख्या कमी होतीये, असं दोन-तीन महिने दिसलं की काउंटरजवळ उभं राहून ऐकायला लागा.

दुसरी पद्धत म्हणजे पडून राहिलेल्या मालावर पीसमागे पैसे. या ढिगातली साडी घालवली की 50 रुपये. माझ्या मते तिघांत ही सगळ्यात वाईट, कारण इथे गिऱ्हाईकाला काय हवंय याचा संबंधच उरत नाही. ताई जांभळा रंग मागतायत आणि समोर येतोय दोन वर्षं न खपलेला शेवाळी. माल निघतो हे खरंय, पण जे 50 रुपये सेल्समनला देताय ते आणि वर थोडे घालून टॅगवरच किंमत कमी करा, वेगळ्या रॅकवर "किंमत कमी केलीये" असं सरळ लिहा. ज्याला हवी तो स्वतः उचलतो आणि बदलायला येत नाही.

अमेरिकेत सिअर्स नावाच्या मोठ्या दुकानसाखळीच्या गाडी दुरुस्तीच्या काउंटरवर हेच झालं होतं. माणसांना कमिशन आणि वर ठराविक पार्ट विकायचा कोटा. 1992 मध्ये कॅलिफोर्नियाच्या ग्राहक खात्याने ओळख न देता गाड्या पाठवून तपासलं तर बहुतेक वेळा गरज नसलेलं काम गळ्यात मारलेलं निघालं. त्यानंतर कंपनीने त्या काउंटरवरचं कमिशन आणि कोटे दोन्ही बंद केले.

तिसरी पद्धत, महिन्याचा एक टक्का सगळ्यांत वाटून, हजेरीप्रमाणे. समजा महिन्याची विक्री 9 लाख, म्हणजे वाटायला 9,000. सहा जणांपैकी पाच जण 26 दिवस आले आणि एक जण 20, एकूण 150 दिवस, म्हणजे दिवसाला 60 रुपये. पाच जणांना 1,560 आणि सहाव्याला 1,200. आता ताईंना पंधराशेची साडी दाखवली काय किंवा "आमच्याकडे तसा जांभळा नाहीये, पुढच्या आठवड्यात येईल, फोन करते" म्हणून पाठवलं काय, एकट्याच्या खिशाला फारसा फरक पडत नाही. परकरच्या काउंटरवरची मुलगी पण यात येते, आणि घड्या घालायला सगळे हात लावतात.

तोटा आहेच. ज्याच्या हाताला खरंच यश आहे त्याला वाटतं मी राबतो आणि बाकीचे खातात, आणि असा माणूस समोरच्या दुकानात जाऊ शकतो. त्याला मोबदला पगारातून द्यायचा, वर्षातून एकदा, पण आकड्यावर नाही, काम बघून. टार्गेट ठेवणार असाल तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना नको. लक्ष्मीपूजन 2024 ला 1 नोव्हेंबरला होतं आणि 2025 ला 21 ऑक्टोबरला, मग ऑक्टोबर-ऑक्टोबर तोलून काय उपयोग, दोन महिन्यांची बेरीज घ्या. 2026 ला अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून लग्नं नाहीत, तेव्हा टार्गेट चुकलं तर तो स्टाफचा दोष कसा? आणि दिवाळीचा बोनस यात मिसळू नका.

आता काम बघून म्हणजे काय बघून, कारण इथेच बहुतेक जण "वागणूक चांगली" असं लिहून मोकळे होतात. मी महिन्यातून प्रत्येकाचे चार-पाच व्यवहार लांबून ऐकतो आणि तीनच गोष्टी लिहितो. माल उघडण्याआधी कोणासाठी, कशासाठी, किती पर्यंत हे विचारलं का. पहिल्या तीन साड्या सांगितलेल्या बजेटातल्या होत्या का. आणि एकदा "नको" म्हटल्यावर थांबला का. यातल्या तिसऱ्याला मी सगळ्यात जास्त वजन देतो. त्याशिवाय रंग जातो का, ड्राय क्लीनच करावी लागेल का, हे पैसे घ्यायच्या आधी सांगितलं की नाही हे पण बघतो. वरची रेंज दाखवणं चूक नाही, ताईंनी स्वतः "अजून थोडं भारीतलं बघू" म्हटलं तर जरूर दाखवा.

मी केलेली एक चूक तुम्ही करू नका. बदलीच्या प्रत्येक बिलामागे मी पैसे कापायला लागलो होतो. महिन्याभरात स्टाफने बदलून द्यायलाच टाळाटाळ सुरू केली, टॅग काढलाय, घडी मोडलीये, बिल कुठंय. गिऱ्हाईक दोनदा दुखावलं. आता बदली फक्त कॅशवरचा माणूस करतो, बदलीचं कारणही तोच लिहितो, पैसे कोणाचेच कापले जात नाहीत. एकाच कोडवर "एवढी महाग नको होती" वारंवार यायला लागलं की त्या माणसाशी बसून बोलतो, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. त्यासाठी बिलावर कोड तिसऱ्या पद्धतीतही टाकायचाच, फक्त त्यावर पैसे द्यायचे नाहीत.

दुकानात दोघंच असतील आणि तुम्ही स्वतः गल्ल्यावर बसत असाल तर पहिली पद्धत चालून जाईल, सगळं कानावर पडतं. चारच्या वर माणसं आणि गिऱ्हाईक त्याच गावातलं, तर तिसरीच घ्या. बदल सीझनच्या तोंडावर करू नका, दिवाळी उरकल्यावर करा, आणि पहिले तीन महिने ज्याला जुन्या हिशोबाने जास्त मिळालं असतं त्याला तेवढे द्या, नाहीतर तुमचा सगळ्यात चांगला माणूस पहिल्याच पगाराला चिठ्ठी ठेवेल.