जीमेलचे टेम्पलेट्स: सोयाबीनच्या हंगामापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

लातूर भागातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत खरेदीदारांशी होणारा पत्रव्यवहार मी बघते. हंगामात त्याच त्या प्रकारचे मेल पुन्हा पुन्हा जातात, म्हणून जीमेलमध्ये तयार मसुदे ठेवायला लागले. कॉम्प्युटरवर `Settings`, `See all settings`, `Advanced` असं जाऊन `Templates` समोर `Enable` केलं आणि खाली `Save Changes` दाबलं की झालं. मोबाइल ॲपमध्ये ही सोय नाही, त्यामुळे मार्केट यार्डात उभं राहून मेल पाठवायचा असेल तर तिचा उपयोग नाही.

वेळ नक्कीच वाचतो. पण मसुदा जितका घोटून गुळगुळीत केलेला, तितकं समोरून उत्तर कोरडं येतं, किंवा येतच नाही. माल उशिरा जाणार असल्याचा आमचा मसुदा असा होता:

«आपल्या सातत्यपूर्ण सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार. काही अपरिहार्य कारणांमुळे आपल्या मालाच्या पुरवठ्यास विलंब होत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. लवकरात लवकर पुरवठा करण्यात येईल.»

व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. पण खरेदीदाराला जे हवं, म्हणजे गाडी कधी निघणार, का अडली आणि फोन कुणाला करायचा, त्यातलं यात काहीच नाही. पुण्याच्या एका खरेदीदाराला मी तेच असं लिहिलं:

«नमस्कार सर. सोमवारी निघणारी सोयाबीनची गाडी आता गुरुवारी पहाटे निघेल. शनिवारी रात्री औशाकडे पाऊस झाला आणि आलेल्या मालाचं मॉइश्चर १४ टक्के भरलं, तुमची मर्यादा १२ ची आहे. माल शेडमध्ये पसरून वाळवतोय. बुधवारी संध्याकाळी पुन्हा मोजून आकडा मी स्वतः कळवते. मागच्या खेपेला तुमच्याकडे संध्याकाळी हमाल मिळाले नव्हते, म्हणून गाडी दुपारपर्यंत पोचेल अशी सोडतोय. गुरुवार चालत नसेल तर आजच सांगा. थोडा माल कोरडा आहे, तो आधी पाठवता येईल.»

त्यांचं उत्तर लगेच आलं: कोरडा माल आधी पाठवा, बाकीचा शुक्रवारी चालेल.

या मेलमध्ये गोडवा वाढवलेला नाही. आभार आणि दिलगिरी तर काढूनच टाकली. ‘अपरिहार्य कारणां’च्या जागी पाऊस आणि १४ टक्के आले, ‘लवकरात लवकर’च्या जागी गुरुवार आला. ‘करण्यात येईल’ या रचनेत काम करणारा माणूसच दिसत नाही, ‘मी कळवते’ म्हटलं की जबाबदारी कुणाची ते कळतं. हमालांचं वाक्य फक्त त्याच खरेदीदाराला लागू पडतं. मेलमध्ये असं एक तरी वाक्य आहे का, हे मी नेहमी तपासते. नाव बदलून तोच मेल दुसऱ्याला जसाच्या तसा पाठवता येत असेल, तर तो अजून मसुदाच आहे. दुसरी खूण कानाला कळते. मोठ्यानं वाचताना सगळी वाक्यं एकाच लांबीची, एकाच चालीत निघाली की मी एक वाक्य तोडून छोटं करते.

त्यामुळे आता टेम्पलेटमध्ये मी पूर्ण मजकूर ठेवतच नाही. ऑर्डर क्रमांक, मालाचं नाव, वजन आणि पत्ता एवढं पक्कं असतं, बाकी चौकोनी कंसातल्या जागा: [काय अडलं], [नवा दिवस], [फक्त यांच्यासाठी]. मागच्या खरेदीदाराला लिहिलेला तपशील मसुद्यात राहून दुसऱ्याकडे गेला तर उपरा मेल परवडला असं होईल, म्हणून खास वाक्य कधीच जतन करायचं नाही. पाठवण्याआधी डोळ्यांनी फक्त कंस शोधायचे. शिवाय `Undo Send` ची मुदत ३० सेकंदांवर ठेवली आहे. मुळात ती ५ सेकंदांची असते आणि तेवढ्यात काही होत नाही.

आपलेपणाला मर्यादाही हवी. खरेदीदार आपला मेल अकाउंट्सकडे, कधी ट्रान्सपोर्टवाल्याकडे पुढे पाठवतात. म्हणून विषयाची ओळ मी साधीच ठेवते, ‘ऑर्डर क्रमांक, सोयाबीन, नवी तारीख’ अशी. घरची विचारपूस, तब्येत, लग्नकार्य हे फोनवर. बोलीतलं ‘लई’ किंवा ‘काहून’ यार्डात गोड वाटतं, पण मेलमध्ये ओढून आणलेलं दिसतं.

दरपत्रक, थकबाकीची लेखी सूचना आणि वजनातल्या तुटीची तक्रार या तीन मेलना मी हात लावत नाही. उद्या वाद झाला तर तेच कागद पुढे येतात, तिथे ठरलेली भाषा शब्दशः राहिलेली बरी. त्यांच्यासाठी मात्र टेम्पलेट्ससारखी दुसरी सोय नाही, आणि नव्या माणसाला काम शिकवताना मी सुरुवात त्यांच्यापासूनच करते.