जुन्याच भोकांत नवी हँडलं: आठ महिन्यांनंतर

किचनच्या ट्रॉल्यांची हँडलं बारा वर्षांत कळकट झाली होती. लॅमिनेट मात्र शाबूत, म्हणून फक्त हँडलं बदलायची आणि नवं भोक पाडायचं नाही, असं ठरवलं.

पहिल्याच ऑर्डरला फसले. जुनं हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं, 128 मिमी भरलं, आणि 128 चीच मागवली. हँडलवर लिहिलेला आकडा लांबीचा नसतो, दोन स्क्रूंच्या मध्यांमधल्या अंतराचा असतो, हे पार्सल उघडल्यावर कळलं. माझी भोकं 96 वर होती. सगळी परत पाठवली.

भोकाचा मध्य डोळ्याने धरू नका, चुकतोच. डाव्या भोकाच्या डाव्या कडेपासून उजव्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत मोजा, भोकं सारखी असतील तर तेच मध्य-ते-मध्य अंतर. टेपचं टोक थोडं हलतं, म्हणून स्टीलची पट्टी घेतली आणि 10 मिमीच्या रेघेपासून मोजलं: 106 आले, 10 वजा, 96. आकडे बहुधा 96, 128, 160 असे 32 च्या पटीत येतात. दुकानात 96 ला सर्रास 'चार इंची' म्हणतात, पण खरे चार इंच 101.6 मिमी. साडेपाच मिमीच्या फरकात दुसरा स्क्रू लागतच नाही, म्हणून मिमीतच बोला.

आणि प्रत्येक ट्रॉली वेगळी मोजा. आमच्या सुताराने भोकं हाताने पाडलेली, एक जोडी 94 भरली. 4 मिमीचा स्क्रू 5 मिमीच्या भोकात जेमतेम एक मिमीचा फरक सांभाळून घेतो, इथे दोनचा होता. गोल कानशीने एक भोक बाहेरच्या बाजूला थोडं लांबट केलं. हँडलच्या बुडाखाली ते झाकलं गेलं.

स्क्रूचं मात्र सुचलं नव्हतं. सोबत आलेले 25 मिमीचे स्क्रू शटरला बरोबर बसले. ट्रॉलीला पुढे जादा फळी, म्हणजे जाडी दुप्पट, तिथे ते पलीकडे पोचेचनात. हार्डवेअरवाल्याकडून 45 चे आणले. त्याने आधी 50 चे दिले होते: स्क्रू पूर्ण आवळला तरी हँडल लटलटतं, कारण टोक आतल्या आट्यांच्या तळाला टेकलेलं असतं.

आता वापराचं. सिंकखालच्या काळ्या हँडलचा रंग खालच्या बाजूने, जिथे ओली बोटं लागतात, तिथे उडायला लागलाय. स्टीलची जशीच्या तशी आहेत. हौसेने वरच्या कपाटांना गोल नॉब लावले, तिथे एकच भोक होतं. दर दोन महिन्यांनी ते सैल होऊन फिरतात, स्क्रूड्रायव्हर आता चमच्यांच्या ट्रॉलीतच ठेवलाय. तेलकट हाताला नॉब सापडत नाही, अशी सासूबाईंची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. जड डब्यांच्या ट्रॉलीला तर नॉब लावूच नका.