छापील क्यूआर कोडमागची लिंक: स्वतःच्या डोमेनवर की तयार सेवेकडे?

पुस्तकाच्या मलपृष्ठावर क्यूआर कोड एकदा छापला की तो बदलता येत नाही. म्हणून फोन ओळखून वाचकाला योग्य अ‍ॅप स्टोअरकडे वळवणारी लिंक निवडताना ती कोणाच्या ताब्यात राहणार, हे आधी पाहावे. पर्याय मुख्यतः दोन आहेत: स्वतःच्या डोमेनवरचा छोटा पत्ता, किंवा ब्रँच, अ‍ॅप्सफ्लायर यांसारखी तयार सेवा.

दोन्हींचे मूळ काम एकच. ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर `User-Agent` हा मजकूर पाठवतो. त्यात `Android` आढळल्यास प्ले स्टोअर, `iPhone` आढळल्यास अ‍ॅप स्टोअर आणि एरवी संकेतस्थळ, एवढा निर्णय सर्व्हरवरच्या पाच-दहा ओळी घेऊ शकतात. मात्र वळवताना `302` वापरावे. `301` कायमचे मानले जात असल्याने ब्राउझर जुने उत्तर लक्षात ठेवू शकतो आणि पुढे केलेला बदल त्या वाचकापर्यंत पोहोचत नाही. दुसरी अडचण आयपॅडची. 2019 च्या iPadOS 13 पासून तेथील सफारी स्वतःला `Macintosh` म्हणवते, त्यामुळे आयपॅडधारक संकेतस्थळावर जाऊन पडतो. मॅकला टचस्क्रीन नसल्याने, त्या पानावर `navigator.maxTouchPoints` एकाहून अधिक आहे का, हे तपासून त्याला अ‍ॅप स्टोअरचे बटण दाखवता येते.

तयार सेवेचे पैसे सार्थकी लागतात ते वेगळ्याच ठिकाणी. समजा, एका प्रकाशकाला वाटते की कोड स्कॅन करून अ‍ॅप बसवणाऱ्या वाचकासमोर थेट त्याच पुस्तकाचे श्राव्य रूप उघडावे. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या पत्त्याला `referrer` जोडून पुस्तकाचा क्रमांक नव्या अ‍ॅपपर्यंत नेता येतो, आणि हे काम घरच्या घरी जमते. आयफोनवर अशी सोय नाही. तेथे सेवा क्लिपबोर्डचा किंवा आयपी पत्ता आणि वेळ जुळवण्याचा आधार घेतात. पहिल्या मार्गात iOS 16 पासून वाचकाची परवानगी विचारली जाते, तर दुसरा अंदाजाचा असून उपकरणाची अशी छुपी ओळख पटवणे अ‍ॅपलच्या नियमांत बसत नाही. विक्रेत्याने येथे शंभर टक्के अचूकतेची हमी दिली, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

ताब्याचा प्रश्न काल्पनिक नाही. गुगलची फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही सेवा 25 ऑगस्ट 2025 रोजी बंद झाली आणि `page.link` वरचे छापील कोड निरुपयोगी झाले. ग्राहकाच्या स्वतःच्या डोमेनवरून चालणाऱ्या लिंकही थांबल्या, पण त्या मालकांना डीएनएस नोंद बदलून तोच पत्ता दुसरीकडे वळवणे शक्य होते.

त्यामुळे फक्त योग्य स्टोअर गाठायचे असेल, तर माझ्या मते पहिला पर्याय पुरेसा आहे. जाहिरातींच्या अनेक मोहिमांचा हिशेब ठेवायचा असेल तर तयार सेवा घ्यावी, पण छापायचा पत्ता तेव्हाही स्वतःच्याच डोमेनवरचा असावा.